फोटोतल्या काचेच्या बाटल्या कापायला गिंप: बरेच महिने वापरल्यानंतर

माझ्या वहिनी लाकडी घाण्याचं खोबरेल तेल काचेच्या बाटलीत विकतात आणि फोटोचं सगळं माझ्याकडे असतं. गेल्या वर्षी आम्ही एका ऑनलाइन सेवेकडून बॅकग्राउंड काढून घेतली, दर फोटोला पैसे मोजून. बाटलीची कड अगदी नीट कापलेली होती, पण हळदी रंगाच्या बॅनरवर ठेवली की आतलं सगळं तेल दुधट पांढरं दिसायचं, कारण मूळ फोटोतला पांढरा कागद काचेतून दिसत होता आणि तो बाटलीसकट तसाच चिकटून आला होता. तक्रार केली तर उत्तर आलं की कड बरोबर आहे, पैसे परत मिळणार नाहीत. तिथून पुढे मी गिंप या फुकटच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरवर आले आणि आता बरेच महिने त्यावरच काम चाललंय, म्हणून हे लिहितेय.

गिंपमध्ये यासाठी Color to Alpha नावाचा फिल्टर आहे, Colors मेनूत. तो कड शोधत बसत नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये निवडलेला रंग किती मिसळलाय ते मोजून तेवढा रंग काढून टाकतो आणि तेवढी पारदर्शकता देतो. म्हणजे पांढऱ्यावर काढलेल्या फोटोत काचेचा फिकट राखाडी भाग हा अर्धवट पारदर्शक काळा होतो, आणि काचेला नेमकं तेच हवं असतं. फक्त रंग निवडताना शुद्ध पांढरा देऊ नका. आपला कागद फोटोत बहुतेक वेळा पूर्ण पांढऱ्याच्या 255 वर नसून 240 च्या आसपास येतो, तर आयड्रॉपरने बाटलीच्या शेजारचाच रंग उचला. तरी कागदाचे ठिपके राहिले तर Transparency threshold अगदी थोडा वाढवा, 0.03 वगैरे. जास्त वाढवलात तर काचेची नाजूक छटाच उडून जाते.

पहिल्या काही आठवड्यांत माझं मत असं होतं की हे बाटल्यांसाठी अर्धंच उपयोगी आहे. कारण लेबल पांढरं, आणि काचेवरची चमकसुद्धा पांढरी, दोन्ही गायब होतात. लेबलाचा उपाय सोपा निघाला, लेयरची डुप्लिकेट करून वरच्या प्रतीत पेन टूलने (गिंपमध्ये Paths) लेबल आणि झाकण तेवढं निवडून बाकी मास्क करायचं, ते अपारदर्शकच राहू द्यायचं. चमकेसाठी मात्र दुसरा फोटोच काढावा लागतो. तो उपाय सापडल्यावर मत बदललं.

आता मी प्रत्येक बाटलीचे दोन फोटो काढते, कॅमेरा ट्रायपॉडवर, बाटली तसूभरही न हलवता, एक्स्पोजर मॅन्युअल. पहिल्यात मागे पांढरा कागद आणि त्यावर उजेड, शिवाय बाटलीच्या दोन्ही बाजूंना फ्रेमबाहेर काळ्या कार्डाच्या पट्ट्या, म्हणजे काचेच्या कडा काळ्या रेघेसारख्या उठतात. दुसऱ्यात मागे काळं कार्ड आणि उजेड दोन्ही बाजूंनी, मग कडांवर आणि खांद्यावर फक्त चमक उरते. पहिल्यातून Color to Alpha ने पांढरा काढायचा, दुसऱ्यातून काळा. खाली सावल्यांचा लेयर, त्यावर चमकेचा, सगळ्यात वर लेबल. पहिल्यांदा हे हळदी बॅकग्राउंडवर ठेवलं तेव्हा तेलातून पिवळा रंग आरपार दिसला आणि वहिनी म्हणाल्या, "अगं, ही तर खरीच बाटली दिसतेय!"

आता ज्यासाठी मी हा एवढा लांब रिव्ह्यू लिहितेय ती गोष्ट. हे कुणीच नीट सांगत नाही आणि यातच लोकांचा वेळ जातो. Color to Alpha झाल्यावर लेयरच्या खाली मूळ कागदाच्या रंगाचा लेयर ठेवा. हिशोबाने मूळ फोटो जसाच्या तसा परत दिसायला हवा. नाही दिसत! काचेच्या सावल्या फिक्या पडतात. कारण गिंप 2.10 पासून Normal लेयर एकमेकांवर मिसळतात ते linear रंगांमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात, आणि हा फिल्टर हिशोब करतो तो perceptual रंगांमध्ये, म्हणजे डोळ्यांना जाणवतं त्या प्रमाणात. फरक थोडाथोडका नाही, 50 टक्के काळा पांढऱ्यावर ठेवला तर perceptual पद्धतीने 128 येतो आणि linear पद्धतीने 188. उपाय एवढाच की लेयरवर राइट क्लिक करून Composite Space मध्ये RGB (perceptual) निवडायचं, आणि हे प्रत्येक अर्धपारदर्शक लेयरला करायचं, लेयर एकत्र करण्याआधी. हे केलं नाही तर घोळ असा होतो की स्क्रीनवर सावली फिकी वाटते म्हणून माणूस ती गडद करतो, मग पीएनजी वेबसाइटवर टाकल्यावर बाटली काळपट दिसते, कारण ब्राउझर perceptual पद्धतीनेच मिसळतो. एवढी एक सेटिंग आधीपासून तशी असती तर मी पाचपैकी पाच दिले असते. रंग परत जुळतो का ही तपासणी मी आता दर वेळी करते, डोळ्यांवर भरवसा न ठेवता आयड्रॉपरने आकडे बघून.

3.0 पासून (2025 मध्ये आलं) फिल्टर लेयरवर वेगळा राहतो, नंतर उघडून बदलता येतो. आधी आकडा चुकला तर अन्डू करून पुन्हा सगळं करावं लागायचं. माझ्यासारखीला, जिला एकाच बाटलीचे पाच-सहा बॅनर करायचे असतात, ही फार मोठी सोय झालीय.

बॅनरवर धूर हवा असेल तर तो त्या मानाने सोपा आहे. धूपकांडीचा धूर काळ्या कापडासमोर, बाजूने उजेड देऊन काढायचा आणि काळा काढून टाकायचा. एकाच फाइलमध्ये वापरायचा असेल तर तेही नको, लेयरचा मोड Screen केला की काळा आपोआप जातो. फक्त कापड पूर्ण काळं आलेलं नसेल तर फोटोच्या चौकोनी कडा गडद बॅकग्राउंडवर पुसट दिसतात, तेव्हा आधी Levels मध्ये काळं टोक थोडं आत ओढा. पांढऱ्या बॅकग्राउंडवर मात्र असा धूर दिसणारच नाही.

दोन ठिकाणी हा फिल्टर खरंच कमी पडतो. भरलेली गोल बाटली भिंगासारखी वागते, मागचं चित्र त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. पारदर्शकतेत ही माहिती साठवता येत नाही, त्यामुळे मागे साधा रंग असेल तर काहीच कळत नाही, पण पट्ट्यांची साडी किंवा खिडकी असली की लगेच खोटं वाटतं. मी बॅकग्राउंडचा तुकडा आडवा फ्लिप करून, जरा अरुंद आणि धूसर करून, तेल जिथवर भरलंय तेवढ्या भागात मास्क करते. रिकाम्या बाटलीला हे लागत नाही.

दुसरी अडचण तपकिरी बाटलीची, जी वहिनींनी तिळाच्या तेलासाठी आणलीय. रंगीत काच मागचा उजेड गाळते, निळ्यावर ठेवली तर निळा जवळपास गिळून टाकते. पण पीएनजीत पारदर्शकतेचा एकच आकडा असतो, लाल-हिरव्या-निळ्याला वेगवेगळा देता येत नाही, म्हणून काच निळसर मळकट दिसते. तिथे पांढऱ्यावरचा फोटो Multiply मोडमध्ये ठेवून, लेबल वर घेऊन, बॅकग्राउंडसकट सपाट जेपीजीच करावी लागते, म्हणजे दर बॅनरला पुन्हा मेहनत. तिळाच्या तेलाला पण साधी काच घ्या असं मी वहिनींना सांगितलंय, पण उजेडाने तेल लवकर खवट होतं म्हणून त्या ऐकायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. सध्या साडेचार स्टार.