हापूसचा भाव वेबसाइटवर रोज कोण बदलणार: वर्डप्रेस की गुगल शीट?

आंबा विकणाऱ्याच्या वेबसाइटवर हंगामात तीन गोष्टी बदलतात: पेटीचा भाव, 'पहिली पेटी निघाली' अशा बातम्या आणि फोटो. बदलणारा माणूस पेट्या भरून हात मोकळे झाले की मोबाइलवरून बदलणार. त्यामुळे प्रश्न असा, की त्याच्या हातून चूक झाली तर ती किती दूर जाईल?

वर्डप्रेसमध्ये त्याला एडिटर केलं, म्हणजे सगळी पानं बदलायचा अधिकार दिला, तर भाव बदलायला तो अख्खं पान उघडतो. चार डझनाच्या पेटीचा भाव वरच्या तक्त्यात ३२०० होतो, खाली घरपोचच्या परिच्छेदात मात्र ३५०० तसाच राहतो. भांडणारं गिऱ्हाईक नेमकं तो परिच्छेद वाचून आलेलं असतं. जुनी आवृत्ती परत आणता येते, पण चूक कुणाच्या तरी लक्षात आली तरच.

गुगल शीटमध्ये एका आकाराला एकच ओळ. मालाची नावं कुलूपबंद ठेवायची, भावाचा रकाना तेवढा मोकळा. त्यात १५०० ते ६००० मधलाच आकडा चालेल असा नियम लावून चुकीची नोंद नाकारायला सांगायचं. मग ३२० किंवा ३२००० टाइप केलं तर शीट घेतच नाही. शीट साइटला जोडली, की पानावर जिथे जिथे भाव दिसतो तिथे तो याच रकान्यातून येतो. कुणी कधी बदलला हेही त्या चौकटीच्या इतिहासात सापडतं.

एक फट राहते. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं की चौकटीवरचा नियमच पुसला जाऊ शकतो. म्हणून साइट बनवणाऱ्याकडून तीच तपासणी साइटवरही करून घ्या: आकडा पटला नाही तर तिथे 'भावासाठी फोन करा' दिसावं. शिवाय साइटला भाव वाचता यावा म्हणून 'वेबवर प्रकाशित' केलेली शीट लिंक असलेल्या कुणालाही दिसते, तेव्हा खरेदीचे भाव त्या फाइलमध्ये नकोतच. नवा भाव दिसायलाही काही मिनिटं जातात.

बातम्या आणि फोटोंना मात्र शीट अगदीच गैरसोयीची. तिथे वर्डप्रेसच बरं, पण ऑथर म्हणून. ऑथर स्वतःच्या बातम्या आणि फोटो टाकतो, पानांना हात लावू शकत नाही. त्याखालचा कॉन्ट्रिब्युटर जास्त सुरक्षित वाटतो खरा, पण त्याला फोटोच चढवता येत नाहीत. मग फोटो व्हॉट्सअपवर मालकाकडे, आणि मालक बागेत! मोबाइलच्या अवाढव्य फोटोंची फार काळजी नको. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस त्यांची २५६० पिक्सेलपर्यंत लहान केलेली प्रत वापरतं. भाव छापलेलं बॅनर मात्र चढवू देऊ नका, चित्रातला आकडा शीट बदलू शकत नाही.

म्हणजे भाव शीटवर, बाकी वर्डप्रेसवर. वर्षातून एकदाच भाव ठरवणाऱ्या काजूवाल्याने शीटच्या फंदात पडू नये; त्याने वर्डप्रेसच घ्यावं आणि भाव पानावर एकाच जागी लिहावा.