"तुमचा कंटेंट कॉपी आहे" म्हणून पेमेंट अडवलं, आणि कॉपी निघाली त्यांचीच

बेळगावात राहून मराठी कंटेंट रायटिंग करणारे आता बरेच आहेत, काम बहुतेक पुण्या-मुंबईचं, सगळं व्हॉट्सॲपवर ठरतं, कागद कसला नाही. मी पण तसंच केलं. पुण्यातली एक एजन्सी, नाव लिहीत नाही, एका ट्रॅव्हल साइटसाठी खानापूर-बेळगाव भागावर आठ लेख पाहिजेत म्हणाली. प्रत्येकी 1200 शब्द, शब्दाला 80 पैसे, म्हणजे 7,680 रुपये. 1,000 ॲडव्हान्स आला आणि मी लागलो कामाला.

हळशीचा लेख मी घरी बसून नाही लिहिला. 1 जूनला रविवार होता, नंदगडच्या आत्याला घेऊन हळशीला गेलो, भूवराह नरसिंहाच्या देवळात पाऊस थांबेपर्यंत दीड तास बसून होतो आणि आत्या बाहेर काढलेली पायताणं भिजली म्हणून तोंड करत होती. ते सगळं लेखात घातलं. 5 जूनला लेख पाठवला, 18 जूनपर्यंत आठही झाले, "छान लिहिलंय" असं उत्तर पण आलं.

3 जुलैला मेसेज आला, रिपोर्टमध्ये 78 टक्के डुप्लिकेट आलंय, पाच लेख कॉपी आहेत, क्लायंट चिडलाय, पेमेंट होल्ड. होल्ड आठही लेखांचं! सोबत रिपोर्टचा स्क्रीनशॉट, त्यात लाल रंग आणि मोठा आकडा दिसतोय पण खाली मजकूर कुठल्या साइटशी जुळला ती यादी कापलेली. खरं सांगतो, पहिल्यांदा मलाच घाम फुटला, की वाचलेलं काहीतरी डोक्यात राहून तसंच उतरलं की काय. पण 78 टक्के असं चुकून होत नाही हो. देवळाची, गावांची, राजघराण्यांची नावं सगळीकडं सारखीच असतात म्हणून थोडं जुळतं, पण सलग परिच्छेदच्या परिच्छेद जुळायला कुणीतरी उचलायलाच लागतो.

म्हणून भांडत बसलो नाही, एवढंच लिहिलं, "पूर्ण रिपोर्ट पाठवा, सोर्सच्या लिंकसकट." नुसत्या टक्क्याला काही अर्थ नसतो, कशाशी जुळलं ते बघायला पाहिजे. तीन दिवस टाळाटाळ करून पीडीएफ आली. पाचही लेखांना एकच साइट, आणि पाचही पानांवर तारीख 28 मे. म्हणजे मी लेख पाठवायच्या आधीची. इथंच माणूस गप्प बसतो बघा, तारीख समोर दिसते ना.

मी हळशीचं पान उघडून वाचायला लागलो. मथळे बदललेले, शेवटी हॉटेलच्या जाहिराती, पण आत माझंच. आणि तिसऱ्या परिच्छेदात, "1 जूनच्या रविवारी आम्ही हळशीला गेलो तेव्हा..." अगदी आत्याच्या पायताणांसकट. 28 मेला टाकलेल्या लेखात 1 जूनचा पाऊस कसा काय पडला? मी एकटाच मोठ्यानं हसलो.

बाकीच्या चार लेखांत असली तारीख नव्हती. तिथं भावाचा मुलगा कामाला आला, तो वेबसाइटची कामं करतो. ती साइट वर्डप्रेसवर होती. वर्डप्रेसमध्ये पोस्टची तारीख मागची टाकता येते, एका क्लिकचं काम आहे, पण प्रत्येक पोस्टला आतून एक नंबर मिळतो तो वाढतच जातो, तो सहजासहजी मागं नेता येत नाही. पान उघडून `Ctrl+U` दाबलं आणि `shortlink` शोधलं की बऱ्याच साइटवर अशी ओळ सापडते:

```
<link rel='shortlink' href='.../?p=2214' />
```

माझे पाच लेख 2214 ते 2231 च्या मधे होते. त्याच साइटवरच्या 2190 पासून 2213 पर्यंतच्या ज्या पोस्टी सापडल्या त्या सगळ्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या. एकच पोस्ट असती तर मी धरलं नसतं, कारण ड्राफ्ट आधी करून कुणी उशिरा टाकू शकतं, आणि जुनी साइट नव्या ठिकाणी हलवली तर पण नंबर बदलतात. पण शेजारच्या डझनभर पोस्टी जूनच्या आणि त्यांच्या पुढच्या नंबरचे माझेच पाच तेवढे मेचे, हे कसं पटायचं?

मग त्यानं अजून एक काढलं. त्या साइटच्या कोडमध्ये गूगल ॲनालिटिक्सचा `G-` नं सुरू होणारा आयडी असतो, तो एजन्सीच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघितला तर तोच. मालक कोण ते यावरनं कळत नाही, पण दोन्ही साइट एकाच हाताखाली असाव्यात असा दाट संशय येतो. म्हणजे माझे लेख घेतले, दुसऱ्या साइटवर मागची तारीख घालून टाकले आणि त्याच पानांशी माझेच लेख जुळवून मला चोर ठरवलं.

माझ्या बाजूचा पुरावा म्हणजे गूगल डॉक्स. `File > Version history > See version history` मध्ये लेख कसा वाढत गेला ते वेळेसकट दिसतं, खोडलेली वाक्यंसुद्धा. पण इथं दोन गोष्टी मला ऐनवेळी कळल्या. एक, नुसता व्ह्यू ॲक्सेस दिला तर समोरच्याला ही हिस्टरी दिसतच नाही, आणि डॉकची कॉपी करून दिली तर कॉपीत जुनी हिस्टरी येत नाही. एडिट ॲक्सेस असल्या माणसाला कोण देणार, म्हणून मी मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड करून व्हिडिओ पाठवला. दुसरं, माझे दोन लेख मी नोटपॅडमध्ये लिहून डॉकमध्ये एकदम पेस्ट केलेले, त्यांची हिस्टरी म्हणजे एका मिनिटात अख्खा लेख, ते उलट माझ्याच अंगाशी आलं असतं. त्या दोघांना वहीतल्या नोंदींचे आणि जागेवर काढलेल्या मूळ फोटोंचे डिटेल्स लावले. फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती निघून जाते, म्हणून ईमेलला मूळ फाइल जोडली.

मेल मुद्दाम थंड डोक्यानं लिहिला, शिवी एक नाही:

"नमस्कार सर. आपण पाच लेख कॉपी असल्याचं कळवलंत. रिपोर्टमधल्या पाचही लिंक तपासल्या. हळशीच्या पानावर तारीख 28 मे आहे आणि मजकुरात 1 जूनची माझी भेट आहे, तो लेख मी आपल्याला 5 जूनला पाठवला, तो मेल जोडलाय. पाचही पानांचे पोस्ट नंबर आणि त्यांच्या आजूबाजूच्या पोस्टींच्या तारखा सोबतच्या तक्त्यात आहेत. ती साइट आणि आपली साइट एकच ॲनालिटिक्स आयडी वापरतात, याचा खुलासा करावा. लेखांचे हक्क मी कुणाला लेखी दिलेले नाहीत. 6,680 रुपये सात दिवसांत मिळावेत, नाहीतर पानं काढायची तक्रार होस्टिंग कंपनीकडे पुराव्यासकट देईन."

हक्कांचं वाक्य उगीच नाही घातलं. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे नोकरीवर नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला हक्क सहसा लेखकाचाच, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला कागद लागतो. व्हॉट्सॲपवर काहीच ठरवलं नव्हतं, त्याचा फायदा एकदा तरी मला झाला.

मेल पाठवायच्या आधी पाचही पानं वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानं तारखेसकट जपून ठेवणाऱ्या साइटवर, सेव्ह करून ठेवली. हे आधीच करायचं, कारण मेल गेल्यावर दोन तासांत हळशीच्या पानावरचं "1 जूनच्या" जाऊन "एका रविवारी" झालं. पायताणं मात्र काढायची राहिली.

दुसऱ्या दिवशी एका मॅडमचा फोन, इंटर्नकडून मिसटेक झाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. संध्याकाळी 4,000 आले, बाकीचे "नेक्स्ट सायकलला". दोन सायकली गेल्या, मेसेजला निळ्या टिका येतात, उत्तर नाही. मग होस्टिंग कंपनीला तीच फाइल पाठवली, नऊ दिवसांनी पाचही पानं बंद झाली. 2,680 रुपये अजून यायचेत. आत्या विचारते, माझ्या पायताणांचे पैसे आले काय रे.