नाशिक–नागपूर: विमान की रेल्वे?

नागपूरच्या न्यायालयात सकाळी सुनावणी असेल, तर नाशिकहून कशाने जावे? विमानाचा प्रवास जेमतेम दीड तासाचा असला, तरी गंगापूर रोडवरून ओझर विमानतळावर जायला पाऊण तास, चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होत असल्याने तिथली दीड तासाची प्रतीक्षा आणि उतरल्यावर सामान व टॅक्सीचा तास धरल्यास पावणेपाच तास होतात, तेही ऐन कामाच्या वेळेतले.

नाशिक रोडहून रात्रीच्या गाडीला अकरा-बारा तास लागतात. मात्र ते बहुतांशी झोपेत जातात.

जोखीम मला अधिक महत्त्वाची वाटते. गाडी दोन तास उशिरा आली, तरी ती पोहोचवते. ओझरहून उड्डाणे मोजकी असल्याने रद्द झालेले विमान अख्खा दिवस घेते. म्हणून सकाळच्या सुनावणीसाठी गाडीच घ्यावी, परंतु तिकीट कन्फर्म असेल तरच, कारण प्रतीक्षा यादीतले ई-तिकीट चार्ट लागताच आपोआप रद्द होते.