लग्नाआधीचे बारा आठवडे: फक्त चालायचं, की ताकदीचा व्यायामही करायचा?

१० मेचं लग्न असेल तर बारा आठवडे १५ फेब्रुवारीपासून मोजावे लागतात. जळगाव-धुळ्याकडे याच दिवसांत ऊन चढत जातं, मध्ये होळी आणि आखाजी येते, आणि भाऊबंदांच्या घरची वरण-बट्टी सुरूच असते. त्यामुळे मेपर्यंत टिकेल तीच योजना खरी. बहुतेक घरांत दोन पर्याय असतात: रोज तासभर चालणं, किंवा आठवड्यात तीन दिवस ताकदीचा व्यायाम आणि उरलेल्या दिवशी अर्धा-पाऊण तास चालणं. उपाशी राहून महिन्यात दहा किलो घटवायचा तिसरा पर्याय इथे घेतलेला नाही, कारण त्यात चेहरा ओढलेला दिसतो, केस गळतात आणि लग्नानंतर वजन परत येतं.

नवरीच्या काकूचं उदाहरण घेऊ. वय ४५, वजन ७२ किलो, कमर ९४ सेंटीमीटर, गुडघे ठीक, शुगर-बीपी नाही.

काकू रोज तासभर, म्हणजे साधारण ५ किलोमीटर चालल्या, तर बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या सुमारे १८० कॅलरी खर्च होतात. बट्टीवर ओतलेल्या दीड मोठ्या चमच्या तुपात तेवढ्याच असतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, म्हणून ८४ दिवस एकही खाडा न करता चाललं तरी हिशेब दोन किलोंच्या आसपास थांबतो. जेवणातून रोज २५० कॅलरी कमी केल्या तर आणखी पावणेतीन किलो. प्रत्यक्षात खाडे होतात, लग्नाची जेवणं होतात, म्हणून तीन-चार किलो धरून चालावं. चालण्याची योजना बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते: ‘आज चाललेय ना’ म्हणून ताटात एक बट्टी जास्त येते आणि सगळा हिशेब तिथेच बुडतो.

ताकदीच्या व्यायामाने काटा याहून वेगाने खाली येत नाही, हे आधीच समजून घ्यावं. त्याचा फायदा वेगळा आहे. कमी खाल्लं की चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. स्नायूंना काम दिलं आणि प्रथिनं पुरेशी खाल्ली तर तो बराचसा टिकतो. तेवढेच चार किलो उतरले तरी खांदे मागे राहतात, पाठ ताठ राहते आणि पदर नीट बसतो. मांडवात दिवसभर उभं राहूनही कंबर धरत नाही. फक्त पोटाची चरबी मात्र कोणत्याही व्यायामाने वेगळी काढता येत नाही.

यासाठी जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ओट्याला हात टेकून जोर, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि पुढे वाकून, पाठ सरळ ठेवून पाण्याने भरलेली कॅन कमरेकडे ओढणं. प्रत्येकी आठ वेळा, तीन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये दीड मिनिट विश्रांती. सगळं ३५ मिनिटांत होतं. बारा वेळा जमायला लागलं की वजन वाढवायचं. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. गप्पा मारत होत असेल तर वजन कमी आहे. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतात, ते दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर मात्र तो प्रकार थांबवावा.

प्रथिनं काकूंना रोज ७५ ते ८५ ग्रॅम हवीत. कळण्याच्या भाकरीत उडीद असल्याने ती नुसत्या ज्वारीपेक्षा बरी, पण तेवढ्याने भागत नाही. ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीतून सुमारे २५ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा.

काकूंसाठी आमची पसंती दुसऱ्या पर्यायालाच. वर्षानुवर्षं हालचालच नसेल तर पहिले तीन आठवडे नुसतं चालावं आणि मग व्यायाम जोडावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. एप्रिलपासून चालणं सकाळी सातच्या आत उरकावं. चक्कर किंवा मळमळ वाटली तर लगेच सावलीत थांबावं.

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं तर त्यात बरंचसं पाणी असतं. पुढे तीन आठवडे काटा हलला नाही तर फोडणीचं तेल आणि चहाची साखर मोजून पाहावी. कमर आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या रेषेत मोजावी. काकूंची ९४ वरून ९० झाली तर काम चांगलं झालं.

ब्लाउजचं माप पहिल्या आठवड्यात देऊ नये. दहाव्या आठवड्यात द्यावं आणि शिंप्याला दोन्ही बाजूंनी एकेक इंच माया ठेवायला सांगावं.