उघडलेली बेलीज, कित्येक महिन्यांनंतर

बेलीज या आयरिश क्रीम लिकरची बाटली उघडून बरेच महिने झाले. फ्रिजच्या दारात उभी असते, अधूनमधून थोडी घेतो. चव आजही तशीच आहे: आधी साय, मग कोको, शेवटी व्हिस्कीची ऊब. इतकी साय असलेलं पेय टिकतं कसं, हे नीट समजून घेतल्यावर तिच्याबद्दलचा आदर वाढला.

साय, आयरिश व्हिस्की, साखर, कोको, व्हॅनिला, ऐकायला साधंच. खरं काम सायीवर होतं. मोठ्या दाबाखाली तिच्यातल्या स्निग्धाचे थेंब इतके बारीक फोडतात की ते वर तरंगून येत नाहीत. प्रत्येक थेंबाभोवती केसीन या दुधातल्या प्रथिनाचं आवरण बसतं आणि थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. जंतूंना रोखायचं काम १७ टक्के अल्कोहोल आणि भरपूर साखर करते. म्हणूनच कंपनी बाटली भरल्यापासून दोन वर्षं चवीची हमी देते, उघडलेली असो वा नसो. अट एवढीच की ० ते २५ अंशांत, उन्हापासून दूर ठेवायची. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, बर्फाचे स्फटिक ते आवरण फाडतात.

घरी केलेल्याला हा हिशेब लागू नाही. ४० टक्क्यांची व्हिस्की, साय आणि कंडेन्स्ड मिल्क प्रत्येकी २०० मिली घेतलं, तर ६०० मिलीत अल्कोहोल ८० मिली, म्हणजे जेमतेम १३ टक्के. थेंबही मोठेच राहतात. मी केलेल्याच्या गळ्याशी काही दिवसांतच सायीचा थर जमला. असलं लिकर फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन आठवड्यांत संपवावं.

आता फाटण्याबद्दल. बाटली बिघडली म्हणूनच लिकर फाटतं असं नाही. केसीनच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. आंबटपणा वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की हा भार संपतो आणि कण गोळा होतात. अल्कोहोलमुळे तर ते आधीच काठावर असतात. चमचाभर लिकरमध्ये लिंबाचे चार थेंब टाकून पाहा, क्षणात दाणे धरतात. कोला आणि टॉनिक वॉटरही आंबटच. साध्या कॉफीत सहसा काही होत नाही, पण हलक्या भाजणीची आंबट कॉफी उकळती ओतली तर वर पांढरे कण तरंगतात, कारण उष्णतेने ही क्रिया जोर धरते. कॉफी थोडी निवू द्यायची, मग लिकर हळूहळू ओतत ढवळायचं. मला हे लागू पडलं.

बाटलीच बिघडली का, हे कपात नव्हे, नुसत्या चमच्यात कळतं. हलवूनही न मोडणाऱ्या गाठी, आंबट किंवा खवट वास, यांतलं एकही जाणवलं तर ती ओतून द्यावी. गळ्याशी पातळसा थर असेल आणि हलवल्यावर तो पूर्ण मिसळत असेल, वास-चवही ठीक असेल, तर मी ती बिनधास्त वापरतो.