दोन डबे सारखे ठेवायचे की मागचा लहान?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये नट-बोल्टचं रजिस्टर चालत नाही, हे एकदा मान्य केलं की दोन डब्यांची पद्धत आपोआप येते. पुढचा डबा संपला की मागचा उघडायचा आणि माल मागवायची खूण म्हणून लाल कार्ड खिळ्याला अडकवायचं, एवढंच. (कार्डावर मराठीत लिहू की कन्नडमध्ये, हा वाद नको म्हणून नुसता लाल रंग. नवीन पोरालाही कळतो.) खरी अडचण पुढे येते: कोणत्या डब्यात किती नग?

आपल्याकडे दोन तऱ्हा दिसतात. काही जण दोन्ही डब्यांत सारखा माल भरतात. काही जण मागच्या डब्यात फक्त माल येईपर्यंत पुरेल एवढंच ठेवतात आणि आलेल्या मालातून आधी तो भरून उरलेलं पुढच्यात टाकतात. दुसरी तऱ्हा कागदावर हुशारीची वाटते. मी ती आधी वापरली आणि फसलो.

आमचा एम८ × २५ अ‍ॅलन बोल्ट घ्या. आठवड्याला सरासरी 120 लागतात, म्हणजे कामाच्या दिवसाला 20. सगळ्यात घाईच्या आठवड्यात 170 गेले होते, म्हणजे दिवसाला 28 च्या वर. दुकानदार म्हणतो, "चार दिवसांत माल देतो." पण चार दिवस धरणं हीच पहिली चूक. कार्ड आम्ही सोमवारी आणि गुरुवारी गोळा करतो, त्यामुळे ते खिळ्यावर तीन दिवसही लटकू शकतं. ऑर्डर जायला एक दिवस, माल यायला चार, मोजून डब्यात पडायला एक. झाले नऊ. घाईच्या वेगाने नऊ दिवसांना 255 बोल्ट लागतात. म्हणून मागच्या डब्यात मी 260 ठेवले.

चूक झाली ती ऑर्डरच्या आकड्यात. बोल्टचा बॉक्स 200 चा, म्हणून दर वेळी एकच बॉक्स मागवायचो. एका घाईच्या खेपेला माल आला तेव्हा मागच्या डब्यात पाचच बोल्ट उरले होते. त्यात 200 पडले, 205 झाले. मागचा डबा 260 ला भरलाच नाही, पुढचा रिकामाच राहिला. आता कार्ड कोण लावणार? पुढचा डबा "संपण्याचा" प्रसंगच आला नाही. दीड आठवड्यात दोन्ही डबे कोरडे आणि मी स्कूटर काढून बाजारात. तेव्हापासून एक नियम पाळतो: माल यायच्या काळात घाईच्या वेगाने जेवढं लागतं, त्यापेक्षा एका वेळची ऑर्डर मोठी हवी. इथे 255 पेक्षा जास्त, म्हणजे दोन बॉक्स, 400.

ऑर्डर 400 ची ठरली की तुलना सोपी होते. नऊ दिवसांत सरासरी वेगाने 180 जातात, म्हणून मागे 260 ठेवले तर माल आल्यावर सरासरी 480 बोल्ट जवळ असतात. दोन्ही डब्यांत 400 ठेवले तर 620. फरक 140 बोल्टचा. नगाला सहा रुपये धरले तरी साडेआठशेच्या आत. एवढ्यासाठी दर वेळी 260 मोजत बसायचं का? सारख्या डब्यांत मोजणी नाहीच: दोन बॉक्स फोडले, रिकाम्या डब्यात ओतले, तो डबा मागे ढकलला. जुना माल आपोआप आधी संपतो. बोल्टला त्याचं काही नाही, पण ओ-रिंग किंवा थ्रेडलॉकर असेल तर हेच मोलाचं. लहान मागच्या डब्यात वरून भर घालत राहिलं की तळाचं रबर तिथेच म्हातारं होतं.

कार्बाईड इन्सर्टचं गणित उलटं. दहाची डबी, नग महाग, आठवड्याला सहा-सात जातात. तिथे मागे पंधरा ठेवून वीस मागवणं मला पटतं, कारण पंधरा मोजायला अर्धा मिनिट लागतो आणि वाचलेले पाच नग खरोखर पैसे असतात. फक्त ते उघड्या रॅकवर नकोत. जुना तुकडा दिल्याशिवाय नवा मिळू नये.

दोन्ही तऱ्हा एकाच गोष्टीने मोडतात. आमच्या एका पोराला विचारलं, कार्ड का नाही लावलं? म्हणाला, "मालक, पुढचा संपत आलता, म्हणून मागचा त्यातच ओतला की!" आता मागच्या डब्याच्या तोंडावर चिकटपट्टी असते आणि कार्ड तिच्याखाली दाबलेलं असतं. पट्टी फाडल्याशिवाय बोल्ट नाही, आणि पट्टी फाडली की कार्ड हातात येतंच.

आकडा बरोबर आहे का, हे कार्डाच्या मागे कळतं. माल आला त्या दिवशी उघड्या डब्यात अंदाजे किती उरलंय ते पेन्सिलने लिहितो. पाव डब्याच्या खाली सलग दोनदा गेलं, तर एक बॉक्स वाढवतो. गणपतीच्या आधी मात्र वाट बघत नाही. त्या दिवसांत चारचे आठ दिवस होतात, म्हणून एक जादा बॉक्स न फोडता रॅकच्या वर ठेवतो आणि विसर्जनानंतर पुढच्या ऑर्डरमधून तेवढा वजा करतो.