सिमव्हास्टॅटिन की रोसुव्हास्टॅटिन? प्रश्न ग्रेपफ्रूटचा

काका क्रॉफर्ड मार्केटातून ग्रेपफ्रूट आणू लागले, तेव्हा कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेत होते. ही गोळी मोडण्याचं काम सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम करतं. ते यकृतात असतं, तसंच आतड्याच्या अस्तरातही. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन्स आतड्यातलं एन्झाइम निकामी करतात. नवं तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून 'रस सकाळी, गोळी रात्री' ही काकांची युक्ती फुकट! औषध रक्तात कितीतरी जास्त उतरतं. मांड्या दुखू लागल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

रोसुव्हास्टॅटिन या एन्झाइमवर फारसं अवलंबूनच नाही, त्यामुळे फळ चालतं. डॉक्टरांनी काकांना तीच दिली. पपनसातही फ्युरानोकुमरिन्स असतात; मोसंबी मात्र बिनधास्त.